तीनशे एकावं युनिट

(जुळे सोलापुरातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये मे महिन्याच्या एका संध्याकाळी झालेलं बोलणं. लिहून काढताना थोडं आवरलंय, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

बसा बसा, पंखा फिरू दे, त्याचंबी बिल आपल्यालाच यायचंय. मी काही वीज खात्यातला माणूस नाही हां, आधीच सांगतो. बत्तीस वर्षं चादरीच्या कारखान्यात हिशोब लिहिला, आणि रिटायर झाल्यावर गल्लीतली लोकं बिल घेऊन यायला लागली, अण्णा जरा बघा की, एवढं कसं आलं म्हणून. त्यातून जे कळलं तेच आज सांगणार आहे.

गेल्या आठवड्यात एक अक्का आल्या. बिल तीनशे दहा युनिटचं. म्हणाल्या, अण्णा, दहा युनिटनं घात केला बघा, तीनशेच्या आत राहिलं असतं तर निम्मं बिल आलं असतं. मी म्हटलं निम्मं कसं? तर म्हणाल्या, तीनशेच्या वर गेलं की सगळ्या युनिटला वरचा रेट लागतो की ओ. आता इथं किती जणांना असंच वाटतं, हात वर करा. ... बघा, अर्धा हॉल.

तर तसं नसतं. आपल्याकडं पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्यामुळं हे तुम्हाला लगेच कळेल. नळ आला की तुम्ही काय करता, आधी घागर भरता, ती भरली की हंडा, हंडा भरला की बॅरल. बॅरलमध्ये पाणी पडायला लागलं म्हणून घागरीतलं पाणी उडून बॅरलमध्ये जातं का? नाही ना. युनिटचं तसंच आहे. पहिली शंभर युनिटं पहिल्या भांड्यात पडतात, त्यांचा रेट ठरलेला, मग तुम्ही महिन्याला दोनशे जाळा नाहीतर नऊशे, त्या शंभराचा रेट तोच राहतो. ते भरलं की पुढचं युनिट दुसऱ्या भांड्यात.

महावितरणचे घरगुती रेट १ एप्रिल २०२४ पासून जे होते ते मी इथं फळ्यावर लिहितो. रेट बदलत राहतात, तुमच्या बिलावर जे छापलेत ते घ्या, रीत तीच. पहिल्या १०० ला युनिटमागं ४.७१, १०१ ते ३०० ला १०.२९, ३०१ ते ५०० ला १४.५५, आणि ५०० च्या वर १६.६४. हा झाला नुसता वीज आकार. शिवाय वहन आकार, म्हणजे तारेवरून वीज आणून द्यायचं भाडं, ते सगळ्या युनिटला सारखंच १.१७. सिंगल फेजला महिन्याचा स्थिर आकार १२८, लाईट जाळा नाहीतर जाळू नका. आणि या सगळ्याच्या बेरजेवर सरकारचं वीज शुल्क १६ टक्के. इंधन समायोजन म्हणून अजून एक ओळ असते, ती महिन्यागणिक बदलते म्हणून आज आपण तिला हात लावत नाही, पण बिलात असेल तर शुल्काच्या आधी तीबी मिळवायची.

आता अक्कांचे ३१०. इथं पहिली चूक कुठं होते बघा, लोक दुसऱ्या ओळीत ३०० युनिट मांडतात, कारण बिलावर ३०० हा आकडा दिसतो ना. अहो दुसरं भांडं तीनशेचं नाही, दोनशेचं आहे, १०१ ते ३०० म्हणजे दोनशेच युनिटं. तर पहिली १०० चे ४७१ रुपये. पुढच्या २०० चे २०५८. राहिली १०, त्यांचे १४५.५०. बेरीज २६७४.५०. वहन आकार ३१० गुणिले १.१७, म्हणजे ३६२.७०. स्थिर १२८. झाले ३१६५.२०. त्यावर १६ टक्के ५०६.४३. एकूण ३६७१.६३. आणि अक्कांच्या समजुतीप्रमाणं सगळं वरच्या रेटनं धरलं तर नुसता वीज आकारच ४५१०.५० येतो, म्हणजे अठराशेच्या वर फरक. बिलावर तो आकडा नव्हताच, पण भीती डोक्यात बसली की बिलावरचा आकडा कोण बघतंय.

मग तीनशेवर थांबल्या असत्या तर किती वाचले असते? ३४८९.२८ आलं असतं. फरक १८२ रुपये. निम्मं नाही, १८२.

ही समजूत अगदीच हवेतनं आलेली नाही बरं का. केरळात तसं खरंच आहे, तिथं घरगुती बिल महिन्याला अडीचशे युनिटांच्या आत असेल तर आपल्यासारखंच भांड्याभांड्यानं, पण अडीचशे ओलांडलं की सगळी युनिटं एकाच रेटनं, पहिल्या युनिटासकट. तिथं एका युनिटनं खरंच घात होतो. आपल्याकडं नाही होत.

आता एक मोजायची युक्ती देतो, मला हिशोबात नेहमी कामाला आली. भांडी करत बसायचं नसेल तर सगळी युनिटं सगळ्यात खालच्या रेटनं धरा, ३१० गुणिले ४.७१, झाले १४६०.१०. मग शंभराच्या वरच्या सगळ्यांना रेटमधला फरक लावा, १०.२९ वजा ४.७१ म्हणजे ५.५८, अशी २१० युनिटं, ११७१.८०. मग तीनशेच्या वरच्यांना पुढचा फरक ४.२६, अशी दहा, ४२.६०. मिळवा तिन्ही. २६७४.५० च आले ना? दोन वाटांनी तोच आकडा आला की समजायचं आपला हिशोब बरोबर, मग बिलात वेगळं असेल तर बिलाला विचारायचं.

एक मालक मागं हात वर करतायत... हां बोला. ते म्हणतायत, अण्णा मग भ्यायचं काहीच नाही का? भ्यायचं आहे की, पण दुसऱ्याच गोष्टीला. अक्कांनी मला विचारलं, कूलर मला कितीला पडतो? त्यांच्या घरी एरवी २४५ युनिटं होतात, मे मध्ये कूलर लागला, १८० वॅटचा, दिवसाला बारा तास, म्हणजे रोज दोन युनिटांच्या थोडं वर, महिन्याला पासष्ट. त्यांच्या जावयानं हिशोब केला होता, बिल भागिले युनिट, ३६७१ ला ३१० नं भागलं तर ११.८४ रुपये, गुणिले ६५, कूलर ७७० चा. हुशार पोरगं आहे पण हिशोब चुकला. का? कारण कूलर हा सगळ्यात शेवटी आलेला पाहुणा आहे, त्याला घागरीतलं स्वस्त पाणी मिळत नाही. घागर तर फ्रीज आणि बल्ब-पंख्यांनी आधीच भरलेली. कूलरची ६५ युनिटं २४६ पासून सुरू होतात, त्यातली ५५ दुसऱ्या भांड्यात, १० तिसऱ्यात. दुसऱ्याचं युनिट वहन धरून ११.४६, तिसऱ्याचं १५.७२. बेरीज ७८७.५०, वर १६ टक्के, ९१३.५०. ताळा बघायचा असेल तर २४५ चं बिल काढा, २७५८.१३ येतं, ते ३६७१.६३ मधून वजा करा, बरोब्बर तेवढेच उरतात.

म्हणजे कुठली वस्तू कितीला पडते हे सरासरीनं काढायचं नाही. ती बंद केली तर कुठल्या भांड्यातलं पाणी कमी होईल ते बघायचं. फळ्यावरच्या रेटनं तीनशे एकावं युनिट सगळं धरून सव्वाअठराला पडतं, तीनशेवं तेरा रुपये एकोणतीस पैशाला, आणि शंभरावं सहा ब्याऐंशीला. एकच बल्ब, एकच उजेड, पण कुणाच्या घरी लागलाय त्यावर रेट. आणि हेच उलटं बी खरं आहे, ज्याच्या घरी महिन्याला ऐंशी युनिटं होतात त्यानं जुना पंखा काढून नवा कमी वॅटचा लावला तर बचत पाचशे युनिटवाल्याच्या निम्मीबी नाही, आणि दुकानदार दोघांनाही तेच गणित सांगतो.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो आणि थांबतो, कारण पुढं जेवण आहे आणि शेंगा चटणीचा वास इथपर्यंत यायलाय.

आमचा मीटर गेटच्या आत. एका महिन्यात रीडिंग घ्यायला माणूस आला त्या दिवशी आम्ही सगळे मंगळवेढ्याला लग्नाला, गेटला कुलूप. मग त्या महिन्याला सरासरीनं दीडशे युनिटचं बिल आलं, भरलं. पुढच्या महिन्यात रीडिंग मिळालं, दोन महिन्यांची मिळून चारशे युनिटं. मी आधीच कागदावर मांडून बसलो होतो, १०० चे ४७१, २०० चे २०५८, राहिलेल्या १०० चे १४५५, झाले ३९८४, आणि छातीत धस्स. बिल आलं तर त्यात वीज आकार ३०००. बघतो तर पहिल्या रेटनं २०० युनिटं लावलेली! मला वाटलं कॉम्प्युटर चुकला. खरं सांगतो, गप्प बसलो, म्हटलं कुणाला सांगू नका. बायकोलाबी सांगितलं नाही.

चुकलो मीच होतो. बिल दोन महिन्यांचं असेल तर भांडीबी दोन महिन्यांची पाहिजेत, घागर शंभराची नाही, दोनशेची, हंडा दोनशेचा नाही, चारशेचा. म्हणून २०० ला ४.७१ नं ९४२, उरलेल्या २०० ला १०.२९ नं २०५८, तीन हजार पुरे. सरासरीचे आधी भरलेले पैसे त्यातनं वजा व्हायला पाहिजेत ते वेगळं, तेबी माझ्या बिलात झाले होते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये रीडिंगच बंद होतं आणि जूनमध्ये दोन-तीन महिन्यांची एकदम बिलं आली तेव्हा जो आरडाओरडा झाला त्यात हीबी एक गोष्ट होती, कित्येकांनी एका महिन्याच्या भांड्यांनी तीन महिन्यांचं पाणी मोजलं.

अजून एक गंमत, अशा जोडबिलात आपलं नुकसान कधीच नसतं, भांडी वाढवून दिली असली तर. समजा एका महिन्यात ८० जळाली आणि दुसऱ्यात ३२०, वेगवेगळी बिलं केली तर ३७६.८० आणि २८२०, मिळून ३१९६.८०. एकत्र केली तर ३०००. कारण पहिल्या महिन्यातली घागर वीस युनिटांनी रिकामी राहिली होती ती दुसऱ्या महिन्यानं भरून घेतली.

पण भांडी वाढवून दिली नसली तर? हे कसं ओळखायचं, सोपं आहे. बिलावर मागचं रीडिंग कुठल्या तारखेचं आणि चालू रीडिंग कुठल्या तारखेचं ते बघा, मध्ये दोन महिने दिसले आणि पहिल्या रेटसमोर युनिटं शंभरच दिसली, तर माझ्या त्या बिलात ९८४ रुपये वीज आकार जास्त लागला असता, शुल्क धरून ११४१. तेवढी ओळ पेनानं गोल करून बिल घेऊन ऑफिसला जायचं, आणि तोंडी भांडायचं नाही, अर्ज द्यायचा, पोचेची सही घ्यायची.

आणि कुलूप लावून लग्नाला जाणार असाल तर मीटरचा फोटो काढून ठेवा, आकडा नीट दिसेल असा. माझ्या बायकोनं आता गेटलाच खिडकी पाडून घेतलीय, माझ्यावर भरवसा नाही म्हणते.