डोक्यावर पदर नसलेला फोटो

नमस्कार मंडळी. मी सव्वीस वर्षं दवाखान्यात नर्स म्हणून काढली, त्यातली शेवटची अकरा आयसीयूत, आणि आज जे सांगणार आहे त्यात चूक माझीच आहे, हे आधीच सांगून टाकते.

गोष्ट माझ्या मावशीची. अमळनेरजवळच्या खेड्यात राहते, वय अडुसष्ट. मागच्या हिवाळ्यात न्यूमोनिया झाला, दम इतका वाढला की रात्रीच जळगावला आणावं लागलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला व्हेंटिलेटरवर टाकलं. दवाखाना माझा नव्हता, पण मी नर्स म्हणून तिथल्या सिस्टर लोकांनी मला जरा सूट दिली होती. मावशीचा मुलगा सुरतच्या उधन्याला कंपनीत, खान्देशातली निम्मी पोरं तिकडेच आहेत, तुम्हाला सांगायला नको. त्याला सुट्टी मिळेना, जीव राहीना, सारखा फोन, "ताई, आई दिसते कशी, एकदा दाखव ना". भेटीच्या वेळेला त्याचा मुलगा, म्हणजे मावशीचा नातू माझ्यासोबत आत आला आणि म्हणाला आत्या, पप्पांसाठी एक फोटो काढू का. मी म्हटलं काढ पटकन. बस, इतकंच. दोन सेकंदाचं काम.

आता त्या फोटोत काय होतं ते ऐका, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. तोंडात नळी, ती गालावर चिकटपट्टीने बांधलेली, त्यामुळे ओठ एका बाजूला ओढलेला. सलाईन आणि आजारामुळे चेहऱ्याला सूज. झोपेचं औषध चालू असलं की डोळे अर्धवट उघडे राहतात, बुबुळ कोरडं पडू नये म्हणून मलम घालून पापण्यांवर पट्टी लावतात, तीपण होती. दोन्ही हात बेडच्या कठड्याला बँडेजने सैलसर बांधलेले, कारण पेशंट गुंगीत नळी ओढून काढतो आणि मग जिवावर बेततं. कवळी काढून ठेवलेली, म्हणून गाल आत गेलेले. अंगात दवाखान्याचा गाऊन, केस मोकळे, कपाळ पुसलेलं.

मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. माझ्यासाठी ती व्यवस्थित ठेवलेली पेशंट होती, ऑक्सिजन शहाण्णव, बीपी ठीक, लघवी होत होती, आदल्या दिवसापेक्षा तब्येत बरी होती. अकरा वर्षं असले चेहरे बघून बघून आमची नजर मरते हो, मशीन आधी दिसतं, माणूस नंतर.

मुलाने तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, त्रेचाळीस माणसांच्या. वाईट हेतूने नाही, त्याला एकट्याला ते सोसवेना म्हणून. ग्रुपवरून कोणीतरी स्टेटसला ठेवला, खाली हात जोडलेले. स्टेटस चोवीस तासांत जातं म्हणतात, पण स्क्रीनशॉट काढणारा काय चोवीस तास थांबतो? तो गावच्या ग्रुपवर गेला. एका भाच्याने मोठा करून मॉनिटर पाहिला, त्यावर अठ्ठ्याऐंशी दिसलं, आणि कोविडपासून प्रत्येकाला ऑक्सिजनचा आकडा कळतो ना, त्याने लिहिलं ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशीवर आलाय, काही खरं नाही. ते अठ्ठ्याऐंशी हृदयाचे ठोके होते. बांधलेले हात पाहून कोणी म्हणे बांधून ठेवलंय, कोणी म्हणे आता हे फक्त बिल वाढवतायत. संध्याकाळी सहाच्या आत पहिलं "भावपूर्ण श्रद्धांजली" पडलं, आणि एकाने लिहिल्यावर खालचे सात-आठ जण न वाचताच लिहितात हे तुम्हाला माहीत आहे.

रात्री साडेआठला पारोळ्याचे माझे मामा, मावशीचे मोठे भाऊ, दवाखान्याच्या दारात उतरले. पंच्याहत्तरीचे, बीपीवाले. हातात पिशवी, पिशवीत कोरं लुगडं. माहेरचं शेवटचं लुगडं कशासाठी असतं ते या भागात कोणाला समजवायला नको. मी धावत खाली गेले, म्हटलं मामा ती आहे, बरी आहे, वर आहे. ते पायरीवर बसले आणि पिशवी पायांमागे लपवायला लागले, जशी काही त्यांचीच चूक झाली. तो माणूस त्या रात्री त्या पायरीवर कोसळला असता तर जबाबदार कोण, फोटो काढणारा पोरगा, टाकणारा बाप, की काढ म्हणणारी मी?

मुलाने ग्रुपवरचा फोटो डिलीट केला, सगळ्यांसाठी डिलीट. ती सोय साधारण दोन दिवसच चालते आणि त्याच ग्रुपवर चालते. ज्यांनी पुढे पाठवला त्यांच्याकडचा जात नाही, आणि बऱ्याच जणांच्या फोनमध्ये आलेले फोटो आपोआप गॅलरीत उतरतात, तिथून तो कोण काढणार.

पाचव्या दिवशी नळी निघाली, सोळाव्या दिवशी मावशी घरी. आणि मग महिनाभराने एका पुतण्याच्या पोरीच्या फोनमध्ये तिने तो पाहिला. मी समोरच होते. बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "मन्हा हाऊ फोटो कोनी काढा? डोकावर पदर नही, कपायले कुंकू नही." आणि नंतर, हळू आवाजात, "गावमा कोनी कोनी देखा?" मावसा जिवंत आहेत हो, शेजारी बसले होते, बिनकुंकवाचा फोटो आणि ते दोघं. मी तिला कवळीचं, नळीचं, सुजेचं सांगत बसले, ती म्हणे ते राहू दे, आजारी पडनू तेनी काय लाज? लाज पदराची होती. पन्नास वर्षं सासऱ्या-दिरांसमोर जो पदर खाली आला नाही तो तिच्या नकळत गावभर उतरला.

आता गंमत बघा. याच मावशीचं मागे पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं, त्यातले खडे तिने बाटलीत जपून ठेवलेत आणि घरी आलेल्या प्रत्येकाला चहाआधी दाखवते. टाक्याची जागासुद्धा बायांना दाखवते. म्हणजे आजार लपवायचा असा तिचा काही हट्ट नाही, काय दाखवायचं ते ती ठरवते, एवढंच. बेशुद्ध असताना ते ठरवायला ती नव्हती, आणि आम्ही सगळे आपापल्या सोयीने ठरवून मोकळे झालो.

कायद्याचं विचाराल तर तो आपल्या घरात फार शिरत नाही. डॉक्टरांवर 2002 च्या नियमांपासून बंधन आहे, पेशंट ओळखू येईल असा फोटो त्याच्या परवानगीशिवाय जर्नलमध्ये छापता येत नाही. मानसिक आजाराचे उपचार घेणाऱ्याचा फोटो त्याच्या संमतीशिवाय मीडियाला देता येत नाही, हे 2017 च्या कायद्यात आहे. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं म्हटलं. पण 2023 चा डेटा संरक्षणाचा कायदा घरगुती कामासाठी वापरलेल्या माहितीला लागूच नाही, त्यामुळे घरच्या ग्रुपवर फोटो टाकणाऱ्या मुलाला अडवायला कोणी पोलीस येणार नाही. घरातल्याच कोणीतरी अडवायचं, आणि त्या दिवशी ती मी होते.

म्हणून काय फोन घरी ठेवायचा का? नाही. जखमेला पू आलाय का हे गावाहून डॉक्टरला दाखवायचं असेल तर फोटो लागतोच, एखाद्याला फिट येत असेल तर त्याचा व्हिडिओ न्यूरोलॉजिस्टला फार कामाचा असतो कारण ओपीडीत फिट येत नाही. सरकारी योजनेतून उपचार असले तर बेडवरचा फोटो घेतात. ते फोटो ज्याच्यासाठी काढले त्याच्याकडेच जावेत, बाकी कुठे नाही.

अडचण येते ती उधन्याच्या मुलासारख्याची, आणि त्याची ओढ खोटी नव्हती. त्याला मी काय द्यायला हवं होतं, यावर खूप विचार केला. एक म्हणजे शब्द. रोज संध्याकाळी डॉक्टर भेटून गेले की घरातल्या एकाच माणसाने लिहायचं: आई मशीनवर आहे, ऑक्सिजन शहाण्णव, ताप उतरला, झोपेचं औषध चालू आहे म्हणून बोलणार नाही, उद्या औषध कमी करून बघणार. एवढं वाचून माणूस जेवतो तरी. फोटोत हे काहीच नसतं, फोटोत फक्त सूज असते. आणि अगदीच पाहायचं असेल तर तिचा हात आणि त्याच्या मुलाचा हात, इतकाच फोटो, तोही त्याला एकट्याला. हाताला कोणी श्रद्धांजली लिहीत नाही.

ऑपरेशन ठरलेलं असेल तर आदल्या दिवशी पेशंटलाच विचारता येतं, बाई, नंतर कोणाला फोटो पाठवू का, कोणाकोणाला. पण ऑपरेशननंतर गुंगीत असताना "हो" म्हणाला तो हो धरू नका. आयसीयूत बरीच माणसं भ्रमात असतात, मावशी मला दोन दिवस तिची नणंद समजून बोलत होती.

एक गोष्ट मात्र माझ्या मताच्या विरुद्ध जाते, तीही सांगते. आयसीयूतून बरे झालेल्यांना मधले दिवस आठवत नाहीत, भलतीच स्वप्नं आठवतात, आणि काही देशांत त्यासाठी नर्स आणि घरचे मिळून रोजची डायरी लिहितात, कधी फोटोही जोडतात, आणि पेशंट बरा झाला की त्याला हवी असेल तर देतात. त्यातलं "हवी असेल तर" आणि "त्याला" हे दोन्ही महत्त्वाचं. तर काढायचाच असेल तर एका फोनमध्ये राहू द्या, तो माणूस उठून बसेपर्यंत. पण शेजारच्या बेडवरचा पेशंट त्यात येणार नाही ना, हातातल्या पट्टीवरचं नाव वाचता येणार नाही ना, तेवढं बघा. आमच्या त्या फोटोत कोपऱ्यात दुसऱ्या कोणाचे तरी वडील होते, त्यांच्याबद्दल आजपर्यंत कोणी विचारलंसुद्धा नाही.

अक्षय तृतीयेला, आपल्या आखाजीला, मी मावशीकडे गेले होते. ती ओट्यावर बसली आणि नातवाला म्हणे आता काढ. लुगडं तेच, मामांनी त्या रात्री आणलेलं, त्यांनी नंतर घरी येऊन तिला दिलं आणि तिने हसत हसत नेसलं. पहिला फोटो तिने नाकारला, पदर मागे सरकला होता. दुसऱ्यात मागच्या दोरीवर दवाखान्यातला टॉवेल वाळत होता, तो काढायला लावला. तिसऱ्यात मावसा डोळे मिटलेले. चौथा तिने चष्मा लावून, फोन लांब धरून, मोठा करून करून पाहिला आणि नातवाच्या हातात दिला. "हाऊ धाडी दे," म्हणे, "समदास्ले."