मांडीतली अर्धा मिली अ‍ॅड्रिनालिन

(विदर्भातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका, समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशाताईंसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

औषधाची रिअ‍ॅक्शन आली असं आपण सरसकट म्हणतो. पण त्यातली बहुतेक ॲलर्जी नसतेच. अमॉक्सिसिलिन घेतल्यावर जुलाब होणं हा त्या औषधाचा दुष्परिणाम आहे. ॲलर्जी म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणा औषधाला शत्रू समजून त्यावर तुटून पडते. ती चार वेगवेगळ्या वाटांनी तुटून पडते, हे वर्गीकरण जेल आणि कूम्ब्स यांनी 1963 मध्ये मांडलं. आपल्याला कामाचं एवढंच की औषध दिल्यापासून किती वेळाने त्रास झाला, हे विचारलं की वाट बरीचशी कळते.

मागून सुरुवात करू. चौथ्या प्रकारात प्रतिपिंडं नसतात, टी पेशी असतात, म्हणून उशीर लागतो. निओमायसिनचं मलम लावल्यावर दोन दिवसांनी तिथेच खाज आणि फोड येतात, ते याच वाटेने. मिरगीसाठी फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन सुरू केलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात ताप आला, डोळे लाल झाले, तोंडात फोड आले, कातडी सोलायला लागली, तर गोळी त्याच क्षणी बंद करायची आणि पेशंटला मोठ्या रुग्णालयात पाठवायचं. ती गोळी त्याला पुन्हा कधीही द्यायची नाही.

तिसऱ्या प्रकारात प्रतिपिंड आणि औषध यांचे गुच्छ बनून रक्तवाहिन्यांत, सांध्यांत, किडनीत अडकतात. आपल्याकडे याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे सापाच्या विषावरची लस. ती घोड्याच्या रक्तापासून बनते. सोयाबीन-कपाशीच्या हंगामात सर्पदंशाचा पेशंट बरा होऊन घरी जातो आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी ताप, सांधेदुखी, अंगावर पित्त घेऊन दुसऱ्याच दवाखान्यात पोचतो. तिथे त्याला चिकनगुन्या ठरवतात, कारण लस दिल्याचं कोणी विचारलेलंच नसतं. सुट्टी देताना हे त्याच्या घरच्यांना सांगून ठेवा.

दुसऱ्या प्रकारात प्रतिपिंडं औषध चिकटलेल्या रक्तपेशीच फोडतात. मलेरियासाठी क्विनीन दिल्यावर एखाद्याच्या प्लेटलेट्स झपाट्याने उतरतात, हिरड्यांतून रक्त येतं. पेनिसिलिनचे मोठे डोस बरेच दिवस चालले तर तांबड्या पेशी फुटू शकतात.

आता पहिला प्रकार, ज्याच्यासाठी आज आपण बसलो आहोत. पेनिसिलिनचा रेणू फार लहान आहे. एकटा असता तर संरक्षण यंत्रणेच्या नजरेतही आला नसता. पण त्याचं बीटा-लॅक्टम कडं उघडतं आणि ते आपल्याच रक्तातल्या प्रथिनाला चिकटतं. हे जोडलेलं प्रथिन शरीराला परकं वाटतं आणि काही लोकांत त्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार होतात. ती मास्ट पेशींवर जाऊन बसतात. या पहिल्या खेपेला काहीच त्रास होत नाही. म्हणूनच ‘याआधी चालली होती’ या वाक्यावर विसंबून राहता येत नाही. पुढच्या खेपेला औषध आलं की मास्ट पेशी फुटतात, हिस्टामिन सुटतं, रक्तवाहिन्या सैल पडतात आणि गळू लागतात. रक्तातला तिसरा हिस्सा द्रव दहा मिनिटांत बाहेर झिरपू शकतो. याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात.

समजा, संधिवाताच्या तापामुळे झडप खराब झालेली बारा वर्षांची मुलगी आहे, वजन 30 किलो. दर एकवीस दिवसांनी तिला बेन्झाथिन पेनिसिलिनचं 12 लाख युनिटचं इंजेक्शन लागतं. सुई दिल्यावर पाचव्या मिनिटाला ती म्हणते, तळहात खाजतात, घसा आवळल्यासारखा वाटतो. मानेवर पित्त उठलं आहे, आवाज घोगरा झाला आहे, नाडी 140 आहे.

इथे भीतीने आलेली चक्कर आणि ॲनाफिलॅक्सिस वेगळे ओळखा. सुईच्या भीतीने मूल पांढरं पडतं, नाडी मंद होते, पित्त नसतं आणि आडवं केलं की दोन मिनिटांत ताजंतवानं होतं. मात्र पित्त उठलंच नाही म्हणून ॲनाफिलॅक्सिस नाही, असं समजू नका. दहातल्या एखाद-दोघांच्या कातडीवर काहीच दिसत नाही. औषधानंतर काही मिनिटांत दम लागला किंवा बीपी कोसळलं, एवढं पुरे.

तिला आडवं करा, पाय उंच ठेवा. दम फार असेल तर टेकवून बसवा, पण उभं करू नका, चालवत गाडीपर्यंत नेऊ नका. हृदयाकडे परतणारं रक्त आधीच तुटपुंजं आहे. अचानक उठल्यावर हृदय रिकामं पडून थांबल्याची उदाहरणं आहेत. अ‍ॅड्रिनालिनचा 1 मिलीचा अ‍ॅम्प्यूल घ्या, त्यात 1 मिलीग्रॅम औषध असतं. मात्रा किलोमागे 0.01 मिलीग्रॅम, म्हणजे या मुलीला 0.3 मिली. मोठ्या माणसाला 0.5 मिली, त्याहून जास्त एका वेळी नाही. मांडीच्या मधल्या भागात, बाहेरच्या बाजूने, सरळ स्नायूत द्या. कपडा पातळ असेल तर काढत बसू नका.

मांडीच का? तिथला स्नायू मोठा आणि रक्ताने भरलेला. मांडीच्या स्नायूतून औषध सुमारे आठ मिनिटांत रक्तात कमाल पातळी गाठतं, कातडीखालून दिलं तर अर्ध्या तासाच्या वर लागतो, कारण अ‍ॅड्रिनालिन तिथल्याच रक्तवाहिन्या आवळून स्वतःचा रस्ता बंद करतं.

इथेच आपल्याकडची एक नेहमीची चूक होते. 1 मिलीची सिरिंज मिळत नाही म्हणून इन्सुलिनची सिरिंज उचलली जाते. तिच्यावर मिलीच्या नाही, युनिटच्या खुणा असतात. चाळीसच्या सिरिंजमध्ये 0.3 मिली म्हणजे 12 युनिट, शंभरच्या सिरिंजमध्ये 30. घाईत घोटाळा होतो आणि सुई आखूड असल्याने औषध चरबीतच राहतं. म्हणून ट्रेमध्ये अ‍ॅम्प्यूलशेजारी 1 मिलीची सिरिंज आणि एक इंच लांब, 23 नंबरची सुई चिकटपट्टीने बांधून ठेवा. अ‍ॅम्प्यूल उजेडापासून लांब ठेवा. औषध तपकिरी किंवा गुलाबी झालं असेल तर ते फेकायचं.

पाच मिनिटांनी नाडी, बीपी, श्वास बघा. सुधारणा नसेल तर दुसऱ्या मांडीत तेवढीच मात्रा पुन्हा. सोबत ऑक्सिजन, सलाईन सुरू करून किलोमागे 10 मिली वेगाने, छाती वाजत असेल तर साल्ब्युटामॉलची वाफ, आणि कोणा एकाला 108 लावायला सांगा.

एविल आणि डेक्साची सवय आपल्याला इतकी आहे की हात आधी तिकडेच जातो. एविल खाज कमी करतं. सुजलेला घसा उघडत नाही, बीपी चढवत नाही. डेक्साला परिणाम दाखवायला तास लागतात. ती द्यायला हरकत नाही, पण अ‍ॅड्रिनालिन मांडीत गेल्यानंतर. अ‍ॅड्रिनालिनने हृदयाला काही होईल ही भीतीही आपल्या मनात बसली आहे. ती मूळची शिरेतून दिलेल्या डोसमुळे आहे. हाच अ‍ॅम्प्यूल तसाच शिरेत ढकलला तर ठोके बिघडून जीव जाऊ शकतो; ते काम मॉनिटर असलेल्या ठिकाणी, पातळ करून, जाणकाराचं. मांडीत दिलेल्या या मात्रेने थोडी थरथर, धडधड होते आणि ओसरते.

मुलगी सावरली तरी लगेच घरी सोडायची नाही. काही तासांनी औषध न देताच दुसरी लाट येऊ शकते, म्हणून किमान सहा तास, आणि दोन डोस लागले असतील तर बारा तास देखरेखीत ठेवायचं.

कार्डावर नुसतं ‘पेनिसिलिन ॲलर्जी’ लिहू नका. कोणतं औषध, किती मिनिटांनी, काय काय झालं, अ‍ॅड्रिनालिन लागलं का, तारीख, असं सगळं लिहा. याचा उपयोग दोन्ही बाजूंनी होतो. अशा खऱ्या पेशंटला पुन्हा पेनिसिलिन मिळत नाही. आणि लहानपणी जुलाब झाले म्हणून ‘ॲलर्जी’ ठरलेल्या माणसाचं पेनिसिलिन उगाच बंद होत नाही. स्वतःला ॲलर्जिक म्हणवणाऱ्या दहापैकी नऊ जणांना तपासणीत पेनिसिलिन चालतं, आणि खरी ॲलर्जी असलेल्यांतही दहा वर्षांत बहुतेकांची ओसरते. आपल्याकडे सिकलसेलच्या लहान मुलांना रोजचं पेनिसिलिन जंतुसंसर्गापासून वाचवतं. अशा मुलाच्या कार्डावर जुलाबापायी चुकीचा शिक्का बसला तर त्याचं हे संरक्षण जातं. शंका असेल तर स्वतः थोडं औषध देऊन पाहू नका, जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजात तपासणीसाठी पाठवा.