आधी लॅडल, मग फोन

शिरोलीच्या एमआयडीसीत मी बारा वर्षं फौंड्रीत काढली. तुम्ही विचारलंत, चार कामं एकदमच अंगावर आली तर आधी कुठलं घ्यायचं? एका संध्याकाळची गोष्ट सांगतो.

आम्ही एसजी आयर्न ओतत होतो. वितळलेल्या लोखंडात मॅग्नेशियमचं मिश्रण टाकलं की ग्रॅफाइटचे गोल दाणे होतात, म्हणून कास्टिंग चिवट बनतं. पण मॅग्नेशियम धातूत टिकत नाही, मिनिटागणिक उडत जातं. साधारण आठ-दहा मिनिटांत लॅडल, म्हणजे वितळलेला धातू साच्यांपर्यंत नेऊन ओतायचं भांडं, रिकामं झालंच पाहिजे. तर लॅडल नुकतंच भरलेलं, तेवढ्यात वाळूचं मिक्सर बंद पडलं, पुण्याच्या ग्राहकाचा फोन वाजायला लागला, ‘रिजेक्शनचा रिपोर्ट आत्ता हवा’, आणि भट्टीच्या पॅनेलवर पाण्याचा दाब कमी झाल्याचा अलार्म.

सगळ्यात मोठा आवाज फोनचा होता. पण मी स्वतःला एकच विचारलं: कोणत्या कामात उशीर झाला तर ते पुन्हा दुरुस्त होणार नाही, आणि किती मिनिटांत?

पाणी पहिलं. भट्टी तापवणाऱ्या कॉइलमधून तिला थंड ठेवणारं पाणी थांबलं तर कॉइल जळते, आणि पाणी धातूत शिरलं तर स्फोट. भट्टीची पॉवर बंद केली तरी आतला धातू तापलेलाच असतो, म्हणून पाणी चालूच ठेवावं लागतं. पॉवर बंद, स्टँडबाय पंप चालू. अर्धं मिनिट.

नंतर लॅडल, असं वाटेल. पण त्याआधी मी फिटरला एवढंच ओरडून सांगितलं, "दादा, मिक्सर बघा!" साचे पंधरा तयार होते, म्हणजे वाळू लगेच लागणार नव्हती, पण दुरुस्तीला वेळ लागतो, आणि तिची सुरुवात माझ्या एका वाक्यावर अडली होती. मग ओतणाऱ्यांबरोबर उभा राहून लॅडल सात मिनिटांत रिकामं केलं. फोन त्यानंतर.

हे शहाणपण आधी महागात पडलं होतं. एकदा मी फोनवर बोलत राहिलो, लॅडल थांबलं, कास्टिंग्ज दिसायला छान निघाली. हातोडीने ठोकल्यावर खणखणीत नाद येईना. मायक्रोस्कोपखाली गोल दाण्यांच्या जागी पापुद्रे. अकरा नग पुन्हा भट्टीत. खरं तर वेळ उलटलेला धातू ओतायचाच नसतो. तो परत भट्टीत घालायचा.

ही रीत अंदाजावर चालते, आणि अंदाज चुकतो. त्या संध्याकाळी मला वाटलं मिक्सरचा पट्टा तुटला असेल, वीस मिनिटांचं काम. निघाला गिअरबॉक्स. साचे संपले, लाइन उभी राहिली, आणि भट्टीतला उरलेला धातू पिगच्या, म्हणजे पुन्हा वितळवायच्या साध्या लाद्यांच्या, साच्यांत ओतून टाकावा लागला.