कोण कुणाला ‘तू’ म्हणतं?

(पडद्यावर: कोरी वही, त्यात खोडलेली नावांची यादी)

कल्पित जगाची गोष्ट लिहायला बसलं की पहिली अडचण पात्रांच्या नावांची येते. मग झ्र, क्ष्व अशी जोडाक्षरं ठोकून नावं बनतात. दहा पानांनंतर वाचकाला कोण कोण ते आठवत नाही, लेखकालाही नाही. यावर अख्खी भाषा रचायची गरज नसते. लागते ती मूठभर अक्षरं आणि एक सामाजिक नियम.

उदाहरणादाखल एक समाज घेऊ. ही माणसं खाडीतल्या होड्यांवर जन्मतात आणि तिथेच म्हातारी होतात.

(पडद्यावर: आठ अक्षरं एकेक करून उमटतात)

त्यांच्यासाठी आठच व्यंजनं ठेवू: क, त, न, म, र, ल, व, श. स्वर तीन: आ, इ, ओ. ख, घ, भ नाही. ट, ण, ळ नाही. जोडाक्षर तर अजिबात नाही. मराठी कानाला हे गाळलेलं चटकन जाणवतं, म्हणून नावं लगेच परकी वाटतात. घडण एकच: दोन अक्षरं, आणि शेवटी न किंवा र. तोमिर, मिरोन, रोकान, काशोर. एवढ्यात ११५२ नावं निघतात.

शेवटी ल सुद्धा चालला असता. पण ‘शानिल’ला विभक्ती लावून बघा: ‘शानिलला’. जीभ अडखळते. नाव आपलं नसलं तरी त्याला ला, ने, चा आपलेच लागणार आहेत, तेव्हा प्रत्येक नाव प्रत्ययासकट मोठ्यानं म्हणून पाहायचं. त्याच चाळणीत ‘वानोर’ही गळतं, कारण त्यात वानर दिसतो. ‘लाशिन’बद्दल बोलायलाच नको.

आता नियम. खऱ्या जगात नावामागे बहुधा समाजाची काही गरज असते. आइसलँडमध्ये बहुतेकांना आडनाव नसतं. बापाच्या किंवा आईच्या नावाला ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ अशा अर्थाचं शेपूट लागतं, म्हणून तिथल्या फोनच्या यादीत माणसं पहिल्या नावानं लावलेली असत. बालीत वायान, माडे, न्योमान, केतुत ही नावं जन्मक्रमानं मिळतात आणि पाचवं मूल सहसा पुन्हा वायान होतं. अरबी समाजात माणसाला थोरल्या मुलाच्या नावावरून ‘अबू अमुक’, अमुकचा बाप, अशी हाक मारतात.

आपल्या खाडीवाल्यांना सगळ्यात महत्त्वाचं काय? होडी. वादळात जीव तिच्यावर असतो आणि परकी होडी म्हणजे मासळीतली वाटेकरी. म्हणून नियम असा: जन्मनाव फक्त आपल्या होडीवर वापरायचं. बाहेरच्यानं माणसाला होडीच्या नावानं हाक मारायची. होड्यांची नावं सरळ मराठीत ठेवू: निळं शीड, जुना नांगर. तिथे परकी अक्षरं वापरली तर अर्थही जातो आणि वाचकही दमतो.

खरी मजा पुढे आहे. तू आणि तुम्ही आपल्या भाषेत तयारच आहेत. फक्त त्यांचा नियम बदलायचा. या समाजात मान वयाला नाही, अंतराला. होडीवरचा शेंबडा पोरगा सुकाणू धरणाऱ्या म्हाताऱ्याला म्हणतो, “काशोर, तू जेवलास का?” आणि तोच म्हातारा शेजारच्या होडीतल्या तान्ह्या बाळाकडे बघून विचारतो, “निळ्या शिडाचे धाकटे, रडताय का?”

(पडद्यावर: दोन होड्या शेजारी-शेजारी)

हे निवेदकाच्या तोंडून समजावून सांगू नका. दोन-तीन प्रसंगांत नुसतं घडू द्या, वाचक नियम आपणच पकडतो. एकदा पकडला की तो मोडायचा.

समजा निळं शीड बुडालं आणि एकटा तोमिर वाचला. त्याला जुन्या नांगरावर घेतलंय. आता हाक काय मारायची? होडी उरली नाही, म्हणून ‘निळ्या शिडाचे’ म्हणणं जखमेवर मीठ. तोमिर म्हणावं, तर तो आपल्या होडीवरचा नाही. चार दिवस त्याच्याशी बोलताना सगळे ‘अहो’वर भागवतात. पाचव्या दिवशी जाळं ओढताना काशोर वैतागून ओरडतो, “तोमिर, दोर सोड ना, काय बघतोयस!” त्याला होडीनं आपलं मानलं, हे वेगळं लिहावं लागत नाही.

मात्र हे टिकायचं तर हस्तलिखितातला प्रत्येक संवाद तपासावा लागतो. लिहिण्याच्या ओघात आपली सवय वर येते आणि म्हाताऱ्याला नकळत ‘तुम्ही’ जातं. अशी एक चूक राहिली की ‘दोर सोड’मधली सगळी हवा जाते. त्यासाठी वहीत एक तक्ता ठेवा: उभ्या रांगेत बोलणारा, आडव्या रांगेत ऐकणारा, चौकटीत हाक आणि सर्वनाम. सहा पात्रांना छत्तीस चौकटी होतात. तिरप्या रेषेतल्या सहा रिकाम्या ठेवायच्या, स्वतःशी पुटपुटणारं पात्र नसेल तर.