मान घासून काळेपणा का जात नाही?

नमस्कार. मी नाशिकमध्ये त्वचारोगांवर उपचार करते. मागच्या व्हिडिओखाली पुन्हा तोच प्रश्न आला आहे, की मानेवरचा काळा थर कोणत्या साबणाने जाईल. कोणत्याही नाही, कारण तो मळ नसतो. या विकाराला अकॅन्थोसिस निग्रिकन्स म्हणतात आणि तो संसर्गजन्य नसतो, एवढे सांगून मी मुद्द्यावर येते.

पंचवटीतून एक आई आपल्या सोळा वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या होत्या. "हिला सांगा हो, रोज नीट मान घासत जा म्हणून," अशी त्यांची तक्रार होती. मुलीच्या मानेच्या घड्यांत आणि काखेत त्वचा जाड व मखमलीसारखी झाली होती, कडेला बारीक मस लोंबत होते आणि लिंबू-सोडा चोळून चोळून मधली कातडी सोलवटली होती. पाळीही अनियमित होती.

हे इन्सुलिनमुळे होत असावे असे मी म्हणताच आईंनी साखरेचा रिपोर्ट पुढे केला. उपाशीपोटीची साखर ९२ होती, म्हणजे शंभरच्या आत. "मग इन्सुलिनचा काय संबंध?" असे त्यांनी विचारले, आणि नेमके येथेच बहुतेकांचे चुकते.

शरीराच्या पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा झाल्या, म्हणजेच इन्सुलिन-प्रतिरोध आला, की स्वादुपिंड अधिक इन्सुलिन सोडते आणि साखर काबूत ठेवते. म्हणून रिपोर्ट वर्षानुवर्षे चांगला येऊ शकतो. मात्र रक्तातले हे जास्तीचे इन्सुलिन त्वचेतल्या, एरवी वाढीच्या दुसऱ्या संप्रेरकासाठी असलेल्या ग्राहींनाही, म्हणजे पेशीला संप्रेरकाचा संदेश देणाऱ्या रेणूंनाही, जागे करते. त्वचेच्या पेशी भराभर वाढतात, थर जाड होतो आणि त्याला बारीक वळ्या पडतात. काळेपणा मुख्यतः या जाडीचा असतो, रंगद्रव्याचा नव्हे, त्यामुळे गोरेपणाची क्रीम येथे हात टेकते आणि घासण्याने तर त्वचा आणखी जाड होते.

मुलीचे उपाशीपोटीचे इन्सुलिन तपासले, ते २२ निघाले. इन्सुलिन-प्रतिरोधाचा अंदाज घ्यायला होमा-आयआर नावाचे सूत्र वापरतात: उपाशीपोटीची साखर गुणिले इन्सुलिन भागिले ४०५. येथे ९२ गुणिले २२ भागिले ४०५ केले, की सुमारे ५ येतात. अडीचच्या वरचा आकडा सहसा इन्सुलिन-प्रतिरोध सुचवतो. वयात येताना तो थोडा वाढतोच आणि प्रत्येक लॅबची मोजणीही वेगळी असते, पण मान, मस आणि पाळी यांच्या जोडीला आलेले ५ दुर्लक्ष करण्याजोगे नव्हते. "साखर नॉर्मल आहे" असे मला कळवणाऱ्यांनी हे पुन्हा ऐकावे: साखर नॉर्मल आहे, पण ती कितीशा इन्सुलिनच्या जोरावर?

उपचार म्हणून वजन कमी करणे, व्यायाम आणि पाळीची तपासणी ठरली. लावायची औषधे जाडी थोडी उतरवतात, परंतु आत इन्सुलिन चढेच राहिले तर थर परत येतो. त्वचा मऊ पडायलाही काही महिने लागतात, आणि रंगाआधी जाडी कमी होते, म्हणून आरशापेक्षा बोटांनी तपासावे.

एक अपवाद मात्र आहे. उतारवयात, वजन आपोआप घटत असताना, हा बदल झपाट्याने पसरला किंवा तळहात व ओठांवर दिसला, तर इन्सुलिनचा विचार बाजूला ठेवून पोटातल्या कर्करोगाची तपासणी तातडीने करावी लागते.