पाचवी टाळी

नमस्कार श्रोतेहो.

मी आता चार टाळ्या वाजवतो. पाचवी तुम्ही वाजवायची, तिच्या जागेवर. मी गप्प बसेन.

(अर्ध्या-अर्ध्या सेकंदाच्या अंतराने चार टाळ्या. पाचवीच्या जागी शांतता.)

वाजवलीत? माझ्याकडून काहीच ऐकू आलं नसताना तुमचे हात बरोबर वेळेला एकत्र आले असतील. आवाज ऐकून मग हात हलवायचा ठरवलं, तर त्यात साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो, म्हणजे 200 मिलिसेकंद. तेवढा उशीर तुम्ही केला नाहीत. तुम्ही वाट पाहिली नाहीत, अंदाज बांधलात.

रिदम गेम, म्हणजे पडद्यावर सरकत येणाऱ्या नोटा गाण्याच्या ठोक्याबरोबर दाबायचे खेळ, नेमका हाच अंदाज घासून घासून धारदार करतात. खेळाचं नावच घ्यायचं तर स्टेपमेनिया घेऊ. चार रांगा, चार बाण, पडद्याच्या एका टोकाला रेषा. बाण रेषेवर आला की कळ दाबायची. बघणाऱ्याला वाटतं, हा चपळाईचा खेळ आहे. पण चपळाई म्हणजे 200 मिलिसेकंदांचा उशीर, आणि इथे सगळा हिशोब त्याच्या कितीतरी आतला आहे.

तो हिशोब असा. प्रत्येक नोटेभोवती वेळेच्या खिडक्या असतात, एकात एक बसवलेल्या. स्टेपमेनियाच्या नेहमीच्या मांडणीत ठोक्याच्या आधी किंवा नंतर 22.5 मिलिसेकंदांच्या आत दाबलं तर ‘मार्व्हलस’. 45 च्या आत ‘परफेक्ट’, 90 च्या आत ‘ग्रेट’, 135 च्या आत ‘गुड’. ‘ग्रेट’पर्यंत तुमची सलग नोटांची साखळी, म्हणजे कॉम्बो, टिकते. ‘गुड’ला ती तुटते.

आता हे आकडे गाण्याशेजारी ठेवून बघा. मिनिटाला 120 ठोक्यांचं गाणं असेल तर एक मात्रा 500 मिलिसेकंदांची. दुगुनीत 250, चौगुनीत 125. म्हणजे चौगुनीतल्या दोन नोटांमध्ये 125 चं अंतर, आणि ‘ग्रेट’ची खिडकी दोन्ही बाजूंना 90 ची. लय चांगलीच बिघडलेली असली तरी कॉम्बो शाबूत राहू शकतो. नवखा खेळाडू कॉम्बोकडे बघतो आणि इथेच फसतो.

याचं एक उदाहरण माझ्या घरातलंच आहे. माझी भाची आणि भाचा दोघं एकाच आठवड्यात हा खेळ शिकायला लागले. दोघांची तक्रार शब्दाला शब्द सारखी: मामा, सारखं ‘ग्रेट’च येतं. दुखणी मात्र अगदी वेगळी निघाली.

आधी भाचीचं. प्रत्येक नोट किती मिलिसेकंदांनी चुकली आणि कुठल्या बाजूला, म्हणजे लवकर की उशिरा, हे दाखवायची सोय चालू केली. तिची जवळजवळ प्रत्येक नोट उशिरा होती, 60 ते 80 च्या मधे. सोपी नोट, अवघड नोट, गाण्याची सुरुवात, शेवट, सगळीकडे तेवढंच. एवढा एकसारखा चुकणारा हात खरं तर उत्तम हात असतो. दोष तिच्या कानातल्या ब्लूटूथ हेडफोनचा होता. त्यातून आवाज येईपर्यंत सहज 100 ते 200 मिलिसेकंद जातात. कान तिला मागे ओढत होता, डोळा पुढे, आणि बोट मधेच कुठेतरी पडत होतं. वायरचा हेडफोन लावला आणि सरासरी शून्याजवळ आली. शिकवण्यासारखं माझ्याकडे काही उरलंच नाही.

भाच्याला हे कळलं, आणि त्याने स्वतःवर तोच उपाय केला. वायरचा हेडफोन त्याच्याकडे आधीपासून होता. त्याची सरासरी चूक 30 मिलिसेकंद लवकर अशी होती, म्हणून त्याने सेटिंगमध्ये जाऊन ऑफसेट, म्हणजे आवाज आणि नोटा यांच्यातलं अंतर, 30 ने सरकवला. गुण लगेच वाढले. स्वारी खूश.

मी त्याला म्हटलं, सरासरी राहू दे, एकेक नोट दाखव. चौगुनीच्या चार नोटांची एक ओळ घेतली. ऑफसेट बदलण्याआधी पहिली नोट अचूक, दुसरी 20 लवकर, तिसरी 40 लवकर, चौथी 60 लवकर. पडद्यावर दिसत होतं: मार्व्हलस, मार्व्हलस, परफेक्ट, ग्रेट. त्याची समजूत अशी की चौथी नोट ज्या बोटावर येते ते बोट कच्चं आहे. बोट बिचारं निर्दोष होतं. त्याचं प्रत्येक अंतरच 125 ऐवजी 105 चं होतं. तो धावत होता आणि चुकांची बेरीज चौथ्या नोटेवर दिसत होती.

मग ऑफसेटने काय केलं? 30 ची भर सगळ्या नोटांना सारखी पडली. ओळ झाली 30 उशिरा, 10 उशिरा, 10 लवकर, 30 लवकर. ‘ग्रेट’ गेलं, दोन्ही टोकांना ‘परफेक्ट’ आलं, म्हणून गुण वाढले. धावणं जसंच्या तसं. उलट साध्या ठोक्यावरच्या ज्या नोटा तो अचूक मारायचा, त्या आता 30 उशिरा पडायला लागल्या. पुढे आठ नोटांची सलग ओळ आली तेव्हा पितळ उघडं पडलं: आठव्या नोटेपर्यंत चूक 140 ची झालेली, ऑफसेटचे 30 वजा जाता 110. ‘गुड’. कॉम्बो तुटला.

म्हणून मी सरासरी चूक आणि चुकांचा पसारा, म्हणजे नोटेगणिक चूक किती बदलते ते, यांना कधी एकत्र मोजत नाही. सगळ्या नोटा एकाच बाजूला, जवळपास तेवढ्याच चुकत असतील, आणि संथ, एकसारख्या लयीच्या तीन-चार गाण्यांत तेच दिसत असेल, तर सेटिंग बदला. चूक नोटेगणिक बदलत असेल तर सेटिंगला हात लावू नका, हाताकडे बघा. थोडीशी लवकरची सवय मात्र फारशी कुणाला चुकलेली नाही. ठोक्याबरोबर बोट आपटायला सांगितलं की बहुतेक माणसं काही मिलिसेकंद आधीच आपटतात, हे प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. ते सरावाने कमी होतं.

भाच्यासाठी उपाय असा केला. ऑफसेट पूर्ववत. गाण्याचा वेग 0.8 पट. 120 चे झाले 96, आणि चौगुनीतलं अंतर 125 वरून 156 वर गेलं. मग त्याला सांगितलं, चार नोटा मोजू नकोस, पाच मोज. चारांनंतर येणारा मोठा ठोका ही पाचवी, आणि सगळी ओळ त्या पाचवीवर उतरवायची. धावणाऱ्या माणसाला शेवट कुठे आहे हे ठाऊक नसतं, म्हणून तो लवकर संपवून मोकळा होतो. तोंडाने ‘एक दोन तीन चार, एक’ असं म्हणत खेळायचं. त्याला हे फार बालिश वाटलं. दोन दिवस कुरकुर केली, मग मुकाट्याने म्हणायला लागला. वेग वाढवायची अट एकच ठेवली: चौथ्या नोटेची चूक पहिलीपेक्षा मोठी दिसत नाही, असं सलग तीन वेळा झालं की 0.05 ने पुढे. रोज पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही. बोटं थकली की ताठ होतात आणि ताठ बोट पुन्हा धावायला लागतं.

आता वाचनाकडे वळू. इथे नवख्यांचा एक निर्णय हमखास उलटा पडतो. नोटा भराभर येतात म्हणून ते सरकण्याचा वेग, म्हणजे स्क्रोल स्पीड, कमी करतात. गाणं तेवढ्याच वेगाने चाललेलं असतं. बाण सावकाश सरकले तर ते एकमेकांना चिकटून येतात, पडद्यावर गर्दी होते आणि कुठला आधी, कुठला नंतर, हे ओळखू येत नाही. वेग दुप्पट केला की तेच बाण दुप्पट अंतरावर जातात. दिसण्याचा वेळ कमी होतो, पण जे दिसतं ते सुटं सुटं दिसतं. बाण पडद्यावर आल्यापासून रेषेपर्यंत साधारण एक सेकंद लागेल, इथून सुरुवात करा आणि डोळा सरावला की वेग थोडा थोडा वाढवा. नजर रेषेवर नको, रेषेच्या जरा आधी ठेवा. रेषेवर आलेल्या नोटेचा निर्णय कधीच झालेला असतो.

वाचणं म्हणजे बाण एकेक करून ओळखणं नव्हे. आपण ‘कमळ’ वाचताना क, म, ळ असं थांबत नाही. तसंच डावा-खाली-वर-उजवा हा जिना एकदा ओळखीचा झाला की चार नोटांचा एक शब्द होतो. रंगही मदत करतात. नेहमीच्या रंगसंगतीत मात्रेवरची नोट लाल असते, दोन मात्रांच्या बरोबर मधली निळी. लाल दिसली की टाळी, निळी दिसली की टाळ्यांच्या मधली जागा. लय इथे डोळ्यालाही दिसते.

नोट सुटली तर ती डोळ्याने सोडली की बोटाने, हे कसं ओळखायचं? खेळ स्वतःच खेळतो अशी सोय चालू करा, हात मांडीवर ठेवा आणि अवघड ओळ आली की तोंडाने बोला: डावा, वर, वर, उजवा. बोलता आलं नाही तर वाचन कच्चं. मग त्याच काठिण्याची नवी नवी गाणी, प्रत्येक एक-दोनदाच खेळायची. बोलता आलं पण वाजवता आलं नाही, तर हात कच्चा. मग तेच गाणं कमी वेगात. एकच गाणं पन्नास वेळा खेळल्यावर आपण वाचत नसतो, पाठ म्हणत असतो, आणि त्यात चुकलेली लयही पाठ होते. भाच्याचं तसं एक गाणं आहे. आजही त्यातल्या एका ओळीवर तो धावतो, बाकी कुठेच नाही. ते गाणं त्याला मी सध्या बंद ठेवायला सांगितलं आहे.

पुन्हा चार टाळ्या. या वेळी पाचवीच्या आधी, चौथी आणि पाचवीच्या बरोबर मधे, तुमची एक जास्तीची टाळी बसवा. ती पाचवीला खेटून पडतेय की मधोमध, तेवढं ऐका.

(चार टाळ्या. शांतता.)

नमस्कार.