दुर्दैवाने, प्रॉब्लेम, अपयश : एका मेसेजची दुरुस्ती

मंडळी, सुरुवात घरातल्याच भाषेपासून करतो. आपण दुकान बंद करत नाही, वाढवतो. देवापुढे नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटली तर आजी म्हणायची, वाढली. आणि निघताना कुणी ‘जातो’ म्हटलं की आतून आवाज यायचा, ‘येतो म्हण’. तर वाईट शब्द टाळायचा ही काही आपल्याला ट्रेनिंगवाल्यांनी शिकवलेली गोष्ट नाही. पण त्यात एक बारीक मेख आहे. लक्ष्मी रोडवर रात्री दुकानदार म्हणाला की दुकान वाढवतोय, तर गिऱ्हाइकाला बरोबर कळतं की आता काही मिळायचं नाही, उद्या यायचं. शब्द बदलला पण खबर तीच पोचली. आज मला एवढंच बघायचंय, की कामाच्या मेसेजमधे आपण शब्द बदलतो तेव्हा खबर पोचते का वाटेत गळते.

मी आयुष्यभर कारखान्यांत क्वालिटीत काम केलं, पुण्याच्या भोसरी भागात, त्यामुळे उदाहरण तिथलंच घेतो, शॉपचं नाव नको. ५०० हाउसिंगची, म्हणजे धातूच्या कवचासारख्या पार्टची ऑर्डर होती, शुक्रवारी संध्याकाळी माल निघायचा, आणि चाकणला गिऱ्हाइकाची असेंब्ली सोमवारी सकाळी सुरू. बोअर २५ एच७, म्हणजे २५ मिलिमीटरचं भोक, त्याहून कमी अजिबात चालणार नाही आणि जास्त झालं तर फार तर २१ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे २१ हजारांश. गुरुवारी थर्ड शिफ्टला इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं बदललं, त्याच्या मापाचा आकडा मशीनला द्यायचा असतो तो ऑफसेट चुकीचा टाकला गेला, आणि बदलल्यावर पहिला पीस चेक करायचा असतो तो न करता मशीन चालू ठेवलं. सकाळी इन्स्पेक्टरने भोकाचं माप तपासायचा प्लग गेज घेतला, त्याची जी नो-गोची बाजू तोंडाशीच अडायला पाहिजे ती सरळ आत गेली. तो उभा होता तिथेच खाली बसला, मला अजून आठवतंय. बोअर लहान राहिलं असतं तर परत मशीनवर घेऊन मोठं करता आलं असतं, पण मोठं झालेलं लहान कसं करणार? मग सगळे ५०० गेज लावून बघितले. ६० रिजेक्ट, ४४० ओके.

आता गिऱ्हाइकाला पहिला मेसेज काय लिहिला गेला ते ऐका. “सर, दुर्दैवाने मशीन प्रॉब्लेममुळे आम्ही कमिटमेंट पाळण्यात अपयशी ठरलो. गैरसोयीबद्दल क्षमस्व.” पाठवायच्या आधी माझ्याकडे आला म्हणून बरं. यात नम्रता आहे, पण खबर किती आहे? ‘दुर्दैवाने’ म्हणजे दोष नशिबाचा, आणि इथे तर ऑफसेट माणसाने टाकला होता. ‘प्रॉब्लेम’ हा तर बंद डबा आहे, आत मशीन जळलंय का एक इन्सर्ट गेलाय हे बाहेरून कळत नाही, आणि वाचणारा भीतीने सगळ्यात वाईट तेच धरून चालतो. आणि ‘अपयशी’ हा निकाल आहे, आपण स्वतःलाच दिलेला, त्यात माल किती आणि कधी हे कुठेच नाही. तीन शब्द तिन्ही काळे, आणि तिघांत मिळून एकही आकडा नाही. मी तर म्हणेन हे शब्द निगेटिव्ह आहेत ही त्यांची छोटी खोट आहे, मोठी खोट ही की ते रिकामे आहेत.

मग ऑफिसातल्या एका मुलाने पॉझिटिव्ह करून आणला. “सर, ४४० पार्ट पूर्ण तपासून आजच निघत आहेत, उरलेली क्वांटिटी लवकरच पोचेल.” ऐकायला छान, आणि यातलं एक वाक्यही खोटं नाही. तरी हा पहिल्यापेक्षा वाईट आहे, कारण वाचणाऱ्याला वाटेल ६० पॅक व्हायचे राहिलेत, संध्याकाळी येतील. खरे आकडे देऊनही माणसाला चुकीच्या बाजूला नेता येतं. अमेरिकेत १९८२ साली यावर एक प्रसिद्ध अभ्यास आला, फुप्फुसाच्या कॅन्सरला ऑपरेशन की रेडिएशन असं लोकांना विचारलं, काहींना सांगितलं ऑपरेशननंतर १०० पैकी ९० वाचतात, काहींना सांगितलं १० दगावतात. गोष्ट एकच. पण वाचण्याचे आकडे ऐकणाऱ्यांत रेडिएशन निवडणारे १८ टक्के होते आणि मरणाचे ऐकणाऱ्यांत ४४, आणि त्यांत डॉक्टरही होते. म्हणून माझा आग्रह असा की ४४० लिहिलं की त्याच ओळीत नाहीतर लगेच पुढच्या ओळीत ६० पाहिजेतच.

शेवटी गेला तो मेसेज असा. “सर, ५०० पैकी ४४० पार्ट ओके आहेत, आज ६ वाजता निघतील. ६० रिजेक्ट केलेत, बोअर मोठं झालंय, रिवर्क होत नाही. रात्री इन्सर्ट बदलताना आमच्याकडून ऑफसेट चुकला आणि पहिला पीस चेक झाला नाही. कास्टिंग स्टॉकमधे आहे, नवीन ६० बुधवारी दुपारपर्यंत पोचवतो. तोपर्यंत ४४० पुरतील का? कमी पडत असतील तर आज ४ पर्यंत कळवा, रविवारी शिफ्ट लावून सोमवारी सकाळी ३० देऊ शकतो.”

बघा, दुर्दैवाच्या जागी कारण आलं, प्रॉब्लेमच्या जागी बोअर आलं, अपयशाच्या जागी ६० आणि बुधवार आला. मेसेज लांबला, आणि तो लांबतोच, शब्द बदलून मेसेज आखूड आणि गोड झाला तर समजा काहीतरी गळलंय. आणि ‘रिजेक्ट’ मी काढू दिला नाही, ‘चुकला’ पण नाही. हे दोन्ही शब्द वाईटच आहेत, पण त्यांच्या पोटात वस्तुस्थिती आहे, ते गेले तर ती पण जाते. तपासायचं कसं, तर ज्याला काही माहीत नाही अशा माणसाला मेसेज वाचायला द्यायचा, आमच्याकडे स्टोअरवाल्याला देतो, आणि विचारायचं, काय आलं नाही, किती, कधी येणार, आणि तू आता काय करशील. त्याला सांगता आलं तर पाठवा.

सगळीकडे हे चालत नाही हेही सांगतो. पॅनेलवर ‘धोका, ४१५ व्होल्ट’ लिहिलंय तिथे हात लावायचा नाही, तो शब्द तिथे घाबरवण्यासाठीच आहे. आणि दवाखान्यात वाईट रिपोर्ट सांगताना डॉक्टरांना शिकवतात की आधी एक इशाऱ्याचं वाक्य बोला, ‘दुर्दैवाने बातमी चांगली नाही’ असं, मग क्षणभर थांबा, मग सांगा. तिथे ‘दुर्दैवाने’ हा शब्द काम करतो, समोरच्याला खुर्ची घट्ट धरायला वेळ देतो. ६० हाउसिंगसाठी कुणाला खुर्ची धरायची गरज नसते.

तर तो मेसेज गेला, आणि १० मिनिटांत परचेसच्या साहेबांचा फोन आला. ओरडले नाहीत. म्हणाले ४४० मधे मंगळवार संध्याकाळ निघते, रविवारची शिफ्ट नको. आणि मग त्यांनी जे विचारलं ते आम्ही कुणीच लिहिलं नव्हतं : “मागच्या आठवड्यात तुमचे २०० घेतलेत आम्ही, त्यात हे बोअर नाही ना?” इन्सर्ट गुरुवारी रात्री बदलला, ते २०० त्याच्या आधीचे, म्हणजे त्यात नव्हतं. इन्स्पेक्शन शीटचा फोटो काढून तेव्हाच पाठवला. पण ही ओळ मेसेजमधे आमची आम्हीच घालायला पाहिजे होती, आणि त्या दिवसापासून रिजेक्शन कळवताना ‘आधीच्या लॉटमधे आहे का नाही’ ही ओळ आम्ही सगळ्यात वर लिहायला लागलो.